विषय: ३१ मार्चला मुदत संपते आहे – नवीन वर्षाचा दर आणि वर्षभराचा हिशेब

सोलापूर, ५ मार्च २०२६

मल्लिनाथअण्णा,
सप्रेम नमस्कार.

बिलिंग आणि स्टॉकच्या सॉफ्टवेअरची तुमची वर्गणी ३१ मार्च २०२६ ला संपते. आकडा आधीच सांगतो, म्हणजे तो शोधत खालपर्यंत वाचावं लागणार नाही. १ एप्रिल २०२६ ते ३१ मार्च २०२७ या वर्षासाठी २७,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ४,८६० रुपये, एकूण ३१,८६० रुपये. गेल्या वर्षी मूळ दर २४,००० होता, म्हणजे तीन हजारांची वाढ आहे. ती का, ते पुढे लिहिलं आहे.

वैष्णवीताईंनाही हाच मेल पाठवला आहे. रोजचं काम त्यांच्या आणि दिवाणजींच्या हातात असतं, त्यामुळे मी खाली काही वाढवून सांगितलं असेल तर त्या लगेच पकडतील.

या वर्षातलं आमचं सर्वांत उपयोगी काम कोणतं, असं मला विचारलं तर मी सप्टेंबरमधला तो रविवार सांगेन. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलणार होते. नगाला हजार रुपयांवर आणि अडीच हजारांपर्यंत जाणारा तुमचा माल, म्हणजे मोठ्या जॅकार्ड चादरी आणि टॉवेलचे भेट-सेट, १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर येणार होता. अडीच हजारांच्या पुढचा १८ वर. त्या रविवारी सर्वपित्री अमावस्या, दुसऱ्या दिवशी घटस्थापना, आणि दिवाळीच्या ऑर्डरी तोंडावर. मी आणि आमचा किरण दुपारी अक्कलकोट रोडच्या कारखान्यावर आलो आणि ताईंबरोबर ४६ आयटम एकेक करून तपासले. वरून सरसकट दर बदलून टाकता आले असते, पण तुमच्याकडे एकच डिझाइन तीन मापांत आणि तीन भावांत जातं, त्यामुळे तसं केलं असतं तर घोळ झाला असता. सोमवारी सकाळी पहिलं बिल हैदराबादच्या पार्टीचं निघालं, योग्य दराने. त्या आठवड्यात दरामुळे तुमचं एकही बिल परत आलं नाही.

दुसरी गोष्ट उधारीची. गेल्या मार्चमध्ये ६० दिवसांपुढची येणी १४ लाख २० हजार होती, परवा काढलेल्या यादीत ती ५ लाख ८० हजार आहे. याचं श्रेय आम्ही घेणार नाही, फोन ताईंनी केले. आम्ही एवढंच केलं की दर सोमवारी सकाळी यादी तयार मिळाली, आणि प्रत्येक बिलावर तुमचा उद्यम नोंदणी क्रमांक व पैसे देण्याची तारीख छापून जाऊ लागली. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यायचे असतात. ते उलटून गेले आणि ३१ मार्चलाही बिल थकलेलंच असेल, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी आयकरात धरता येत नाही. ही गोष्ट समोरच्याच्या सीएला पक्की माहीत असते, फक्त बिलावर दिसावी लागते. हाच नियम तुमच्या देण्यांनाही लागतो. म्हणून सायझिंगवाल्यांची आणि डाइंगवाल्यांची बिलं आता त्यांच्या तारखेसह लाल रंगात दिसतात. मार्चअखेर जवळ आहे, तेवढी लाल यादी एकदा नजरेखालून घाला.

बाकीचं थोडक्यात. वर्षभरात १,८४६ बिलं आणि ६१२ ई-वे बिलं निघाली. चुकून निघालेलं ई-वे बिल २४ तासांच्या आत रद्द करायची धावपळ आधीच्या वर्षी ७१ वेळा झाली होती, या वर्षी ९ वेळा.

आता आमच्या चुकाही लिहितो. ऑगस्टमध्ये बाहेरच्या मागांवर दिलेल्या सुतात ११२ किलोची घट दिसत होती आणि दोन दिवस सगळ्यांच्या डोक्याला ताप झाला. माग चालवणाऱ्यांची काहीच चूक नव्हती. कोनचं रिकामं वजन आमच्या प्रोग्रामने वजा केलं नव्हतं. ते दुरुस्त झालं आहे आणि सूत देतानाच निव्वळ वजन दिसतं. दुसरं, जानेवारीत गड्ड्याच्या दिवसांत आमचा सर्व्हर दुपारभर बंद पडला, तुमचा टेम्पो चार तास गेटवर उभा राहिला आणि तुम्ही फोनवर जे बोललात ते रास्त होतं. त्या वेळी फोन घ्यायला आमच्याकडे किरण एकटाच होता आणि तो यात्रेच्या गर्दीत अडकलेला.

दरवाढ मुख्यतः याच कारणाने आहे. फेब्रुवारीपासून दुसरा माणूस ठेवला आहे आणि डेटाची एक प्रत वेगळ्या सर्व्हरवर चालू ठेवतो, पहिला पडला तर दुसऱ्यावरून बिल निघतं. दोन्हींचा खर्च सगळ्या ग्राहकांवर सारखा वाटला आहे.

२७,००० मध्ये आता तीनऐवजी चार जणांना लॉगिन मिळेल. चौथं गोडाऊनसाठी वापरा असं मला वाटतं, पण तो निर्णय ताईंचा. सरकारी दर किंवा फॉर्म बदलले तर ते बदल, फोनवरची मदत सकाळी ९ ते रात्री ८, आणि महिन्यातून एकदा कारखान्यावर फेरी हे सगळं यातच आलं. वेगळे पैसे फक्त नवीन मशीन किंवा प्रिंटर घेतला तर, आणि तेही आधी विचारून.

वर्गणी आपोआप पुढे जात नाही. तुम्ही या मेलला 'चालू ठेवा' एवढं उत्तर दिलंत की त्याच दिवशी बिल पाठवतो. पैसे १५ एप्रिलपर्यंत आले तरी चालतील, तोपर्यंत काही बंद होणार नाही. पुढे चालू ठेवायचं नसेल तर तसंही मोकळेपणाने सांगा. तुमचा सगळा डेटा एक्सेलमध्ये काढून देऊ आणि जुनी बिलं बघायची सोय आणखी सहा महिने ठेवू, त्याचे पैसे नाहीत. वर्षाच्या मध्येच सोडावं लागलं तर उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत.

बँक खातं गेल्या वर्षीचंच आहे. 'खातं बदललंय' असा फोन किंवा मेल आला तर पैसे पाठवू नका, आधी माझ्या नेहमीच्या नंबरवर विचारा.

उत्तर २० मार्चपर्यंत मिळालं तर बरं. ३१ तारखेला संध्याकाळी किरण वर्षअखेरीचा बॅकअप घ्यायला येईल आणि १ एप्रिलपासून बिलांची नवीन मालिका चालू करून देईल. त्या दिवशी आम्हाला अकरा कारखाने करायचे असतात, तुमची वेळ आधी धरून ठेवतो.

आपला,
सचिन

ता. क. लेबल प्रिंटर पुसट छापतो असं दिवाणजी मागच्या फेरीत म्हणाले होते. रिबन संपत आली असावी. किरणबरोबर शनिवारी एक पाठवतो, बसवून बघा.