पंप ह्यांचा, मोटर माझी

नमस्कार. दुकानात येणारे बरेच जण पहिलं विचारतात दिगंबरबाब कुठे आहेत, आणि ते नसले की बरं संध्याकाळी येतो म्हणून परत जातात, आणि हातात जळलेली मोटर तशीच. म्हणून हे लिहायला बसले. मोटर जळली असेल तर ह्यांची वाट बघू नका हो, ते काम माझं. मी मनीषा. 2012 ला वाळपईत आम्ही दोघांनी दुकान उघडलं तेव्हापासून आमच्याकडे आलेल्या प्रत्येक जळलेल्या मोटरमध्ये नवी तार मीच भरलीय. ह्यांनी आजवर एकही मोटर भरलेली नाही, आणि मी एकदाही बावडीत उतरलेली नाही.

मी आयटीआयला इलेक्ट्रिशियन केलं, मग लग्नाआधी चार वर्षं फोंड्याला एका वर्कशॉपमध्ये वायंडिंगला होते. सुरुवातीला नुसतं जुनं तांबं काढायला द्यायचे, मग कॉइल, मग पूर्ण मोटर. हे सत्तरीतलेच, घरचं कुळागर, लहानपणापासून पाणी, पाट, पाइप ह्यातच वाढलेले. एका फिटरबरोबर गावोगाव पंप बसवत फिरले आणि तिथेच शिकले. म्हणजे आम्ही वेगवेगळ्या वाटेने एकाच पंपाला येऊन मिळालो असं म्हणा, ह्यांचा पाण्याकडचा भाग आणि माझा करंटकडचा.

आधी ह्यांचं काम सांगते. पंप चालतोय पण पाणी येत नाही, किंवा येतं आणि मध्येच सुटतं, ही तक्रार असेल तर फोन ह्यांना. निम्म्या वेळा मोटरला काही झालेलंच नसतं, फूटव्हॉल्व्हमध्ये पाला अडकलेला असतो नाहीतर सक्शनच्या जॉइंटमधून हवा ओढत असते. आणि एप्रिल-मे मध्ये तर ठरलेलं, बावडीचं पाणी खाली गेलं की काठावरचा मोनोब्लॉक नुसता फिरतो. पंप पाणी खालून वर ओढतो ते फार तर 20-22 फूट, त्याच्याखाली पाणी गेलं की कितीही एचपीची मोटर लावा, ओढणारच नाही. मग हे बावडीत उतरून खाली लोखंडी अँगलवर पंप बसवून देतात. खालून वर ढकलायला पंपाला अडचण नसते, वर ओढायला असते, हे ते गिऱ्हाइकाला काठीने जमिनीवर काढून दाखवतात आणि मला त्यांची ही सवय फार आवडते. नवा पंप घ्यायचा असेल तरी आधी ह्यांना कुळागर दाखवा. पाणी किती चढावर न्यायचंय, पाइप केवढा, लांबी किती हे बघूनच ते एचपी सांगतात आणि खूपदा लोकांच्या मनात असतो त्याच्यापेक्षा लहान पंप सांगतात. म्हादईच्या काठावर ज्यांचे पंप आहेत ते जूनच्या आधी काढून वर आणून ठेवणं आणि तुळशीचं लग्न झालं की परत बसवणं, ही कामंसुद्धा हेच करतात, पण त्याचे दिवस आधी लावून घ्यावे लागतात.

आता माझं. मोटर आली की मी आधी मेगर लावून बघते, कारण जळल्याचा वास आला म्हणजे पूर्ण वायंडिंगच गेलं असं नसतं. सिंगल फेजची मोटर नुसती हूं करत असेल आणि फिरत नसेल तर बऱ्याचदा कपॅसिटर गेलेला असतो, तो थोडक्या पैशात बदलून होतो. पण लोक काय करतात, आता फिरेल मग फिरेल म्हणून स्विच चालूच ठेवतात आणि मग आतलं वायंडिंग खरंच जळतं. कृपा करून असं करू नका, फिरली नाही तर लगेच बंद करा.

भरायचीच असेल तर जुन्या कॉइलचे टर्न मोजून, तारेचं गेज मायक्रोमीटरने बघून मी वहीत लिहून ठेवते. दुसऱ्या कोणी आधी भरलेली मोटर असली तर तेही तपासावं लागतं, कारण कधीकधी बारीक तार घालून भरलेली असते, आणि ती आहे तशी उतरवली तर परत जळणारच. मग स्लॉटला नवा कागद, कॉइल बसवणं, बांधणी, जोडण्या, आणि वार्निश. वार्निश नीट सुकल्याशिवाय मोटर बाहेर जात नाही. बोअरवेलच्या पाणी भरलेल्या मोटरला प्लास्टिकच्या कोटिंगची तार लागते, वार्निश नसतं, पण ती भरायला वेळ जास्त लागतो. जुनं तांबं तुमच्या समोर वजन करते, न्यायचं तर न्या, नाहीतर बिलातून वजा होतं. आणि मोटर का जळली ते मी सांगतेच. लाइनच्या शेवटच्या खांबावर व्होल्टेज कमी मिळतं तिथे मोटर जास्त करंट ओढून तापते, थ्री फेजला एक फेज गेली तरी तेच. कारण तसंच राहिलं तर माझी मेहनत आणि तुमचे पैसे दोन्ही महिन्याभरात जातील.

ही कामं इतकी वेगळी का ठेवली ते सांगते. दुकान सुरू केलं त्याच्या दुसऱ्या वर्षी, मार्च महिना, सुपारीला पाणी नाही, आणि एका भाटकारांनी ह्यांना बावडीवरच विचारलं मोटर उद्या मिळेल का. ह्यांनी दया येऊन हो म्हटलं. इकडे माझं वार्निश ओलं. ह्यांचा शब्द गेलेला म्हणून मी तशीच मोटर दिली आणि चौथ्या दिवशी ती परत आली, काळी होऊन. चूक आम्हा दोघांची होती. आम्ही ती फुकट परत भरली, तोवर आमच्या घरचा पंप नेऊन त्यांच्याकडे लावला, आणि त्या रात्री जेवताना ठरवलं की मोटर कधी मिळणार हे फक्त मी सांगणार आणि साइटवर कधी येणार, काय बसवायचं हे फक्त हे सांगणार. ते भाटकार अजून आमच्याकडेच येतात, ह्याचं मला फार समाधान आहे.

तेव्हापासून बिलसुद्धा एकाच कागदावर दोन भागात असतं, वर फिटिंग, खाली वायंडिंग. फिटिंगच्या रकमेबद्दल काही विचारायचं असेल तर ह्यांना, वायंडिंगच्या माझ्याशी बोला. भाव कमी करायला एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ नका, कारण दुसऱ्याला खरंच माहीत नसतं पहिल्याने किती वेळ घातला. सामान पण तसंच, पाइप, व्हॉल्व्ह, सील हे आणतात, तार, कागद, वार्निश, कपॅसिटर मी. हिशेबाची वही मात्र एकच, आणि ती रविवारी दुपारी दोघं बसून लिहितो.

दुकान सकाळी 9 ते 1 आणि 3 ते 7, रविवारी बंद. मी दुकानातच असते. हे सकाळी साइटवर असतात, संध्याकाळी 5 नंतर भेटतात. पाटीवर दोन नंबर आहेत, वरचा ह्यांचा, खालचा माझा. बावडीत असताना ह्यांना फोन लागत नाही, तेव्हा माझ्या नंबरवर गाव, बावडी की बोअर, आणि नेमकं काय होतंय एवढं लिहून पाठवा, मी त्यांच्या वहीत उतरवून ठेवीन, दिवस मात्र तेच सांगतील. मोटर आणताना पंपासकट आणली तरी चालेल, आणि तिच्यावरची नेमप्लेट असेल तर ती काढू नका.