घटक नियोजन: आम्ल, आम्लारी आणि दर्शक

इयत्ता: आठवी, सामान्य विज्ञान
शाळा: माध्यमिक विद्यालय, रत्नागिरी तालुका (पट ३४)
तासिका: ८, प्रत्येकी ३५ मिनिटे

अध्ययन निष्पत्ती

घटक संपल्यावर विद्यार्थी

१. अनोळखी द्रावण आम्ल, आम्लारी की उदासीन हे दर्शक वापरून ठरवतो आणि कशावरून ठरवले ते सांगतो.
२. हातातल्या दर्शकाने काय कळत नाही हे ओळखून दुसरा दर्शक निवडतो.
३. उदासिनीकरणात आम्लारी किती लागेल याचा अंदाज बांधतो आणि अभिक्रिया लिहितो.
४. मातीचा सामू वाचून चुना घालावा की नाही याचे कारण देतो.

‘आम्लाची व्याख्या सांगतो’ ही निष्पत्ती मुद्दाम ठेवलेली नाही. व्याख्या वर्गात होईलच, पण चाचणीत तिला स्वतंत्र गुण नाहीत.

कृती

*तासिका १ व २ (निष्पत्ती १).* जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात कुस्करून त्या अर्कात गाळण कागदाच्या पट्ट्या बुडवायच्या व वाळवायच्या. हळदीच्या पट्ट्या आदल्या दिवशी करून ठेवाव्यात. गटागटाने लिंबाचा रस, चिंचेचे पाणी, साबणाचे पाणी, चुन्याची निवळी आणि मिठाचे पाणी तपासायचे. जास्वंद आम्लात गडद गुलाबी, आम्लारीत हिरवट होते. चव घेऊन बघणे सक्त मना.

*तासिका ३ व ४ (निष्पत्ती २).* घटकाचा कणा इथे आहे, घाई करू नये. फक्त हळदीची पट्टी द्यायची आणि लिंबूसत्त्वाचे व मिठाचे द्रावण वेगळे ओळखायला सांगायचे. दोन्हीत पट्टी पिवळीच राहते. हळद आम्लारीत लाल होते, पण आम्ल आणि उदासीन यांतला फरक तिला दाखवता येत नाही. मुलांना पाच-दहा मिनिटे अडू द्यावे, उत्तर सांगू नये. ‘आता आणखी कोणती पट्टी हवी?’ हा प्रश्न त्यांच्याकडूनच यायला हवा. मग निळा लिटमस काढावा.

चौथ्या तासिकेच्या शेवटी चिठ्ठीवर एक प्रश्न: ‘हळदीची पट्टी पिवळीच राहिली. द्रावण आम्लच आहे असे म्हणता येईल का? का?’ दहापेक्षा जास्त चिठ्ठ्या चुकल्या तर पाचव्या तासिकेची पहिली पंधरा मिनिटे याच प्रयोगाला.

*तासिका ५ व ६ (निष्पत्ती ३).* १० मिली विरल HCl मध्ये फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकून ड्रॉपरने विरल NaOH घालायचे, फिका गुलाबी रंग टिकेपर्यंत थेंब मोजायचे. द्रावणे शिक्षकांनीच तयार करावीत. विरल करताना आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात नाही. नंतर दुप्पट संहत आम्ल द्यावे, पण प्रयोगाआधी अंदाज वहीत लिहून घ्यावा.

HCl + NaOH → NaCl + H₂O

सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी यंदा वगळला आहे. मुलांना तो फार आवडतो, पण वरच्या चारपैकी कोणत्याही निष्पत्तीचा पुरावा त्यातून मिळत नाही. विज्ञान प्रदर्शनात करावा.

*तासिका ७ (निष्पत्ती ४).* कोकणातल्या जांभ्याच्या जमिनी बहुधा आम्लधर्मी असतात. ज्यांच्या घरी मृदा आरोग्य पत्रिका आहे त्यांनी आणावी, त्यावर सामू छापलेला असतो. मातीच्या गाळलेल्या पाण्यावर लिटमस वापरू नये. सामू साधारण ५ ते ८ असेल तर त्याचा रंग ठामपणे काही सांगत नाही. वैश्विक दर्शकाची पट्टी घ्यावी. मुंगीच्या चाव्यावर सोडा लावायचे नेहमीचे उदाहरण टाळले आहे. आम्ल कातडीखाली गेलेले असते, वरचा सोडा तिथवर पोहोचेलच असे नाही.

मूल्यमापन (तासिका ८, एकूण २० गुण)

*प्रात्यक्षिक, १० गुण (निष्पत्ती १ व २).* अ, ब, क, ड या बाटल्यांत अनुक्रमे लिंबूसत्त्व, धुण्याचा सोडा, साखर आणि चुन्याची निवळी. सगळी द्रावणे बिनरंगी. आधी हळदीच्या चार पट्ट्या, मग विद्यार्थी मागेल ती एकाच प्रकारची आणखी एक पट्टी. निरीक्षणाची नोंद ४, हळदीने काय ठरत नाही ते सांगणे ३, दुसऱ्या पट्टीची निवड व अंतिम अनुमान ३. लाल लिटमस मागणाऱ्याला अडवू नये. तो इथे कामाचा का नाही हे त्याने स्वतः लिहिले, तर निवडीचे गुण द्यावेत.

*लेखी, ६ गुण (निष्पत्ती ३).* ‘१० मिली आम्लाला NaOH चे २० थेंब लागले. तेवढेच, पण दुप्पट संहत आम्ल घेतले तर अंदाजे किती थेंब लागतील? कारण द्या. अभिक्रिया लिहा.’ नुसते ‘४०’ लिहिले तर २ गुण, कारणाला २, अभिक्रियेला २.

*लेखी, ४ गुण (निष्पत्ती ४).* ‘एका शेताचा सामू ५.२, शेजारच्याचा ७.१. चुना कुठे घालाल? दुसऱ्या शेतातही घातला तर काय होईल?’

प्रात्यक्षिकात ५ पेक्षा कमी गुण मिळाल्यास पुढच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत दुसऱ्या चार बाटल्या द्याव्यात, आणि नवे गुण धरावेत.