मुक्तासाठी : ९ ते २१ तारखेचे दिवस

मुक्ता,

हे तोंडीच बोलावं म्हणून मी दोनदा हॉलपर्यंत आले आणि दोन्ही वेळा तू पुस्तकात गढलेली बघून परत फिरले. म्हणून लिहून ठेवतेय. आज गुरुवार. रविवारी संध्याकाळपर्यंत निवांत वाच आणि मग आपण बसून बोलू.

आधी परवाचं. मंगळवारी रात्री मी एक शब्द न बोलता दार आपटून आत गेले, ते चुकलं. तू टीव्ही बघत नव्हतीस की कुणाशी गप्पा मारत नव्हतीस. तू अभ्यासच करत होतीस, माझ्यासारखाच. तुझ्या हक्काच्या गोष्टीवर मी राग काढला. सॉरी.

पण त्या रात्री नेमकं काय झालं ते तुला कळायला हवं. मी उष्णतावहनाचं एक गणित सोडवत होते, तीन थरांच्या भिंतीचं. बाहेरून तुझा आवाज येत होता : स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रम, पिसिफॉर्म. मी त्याच ओळीवर चार वेळा परत आले आणि चारही वेळा मधल्या थराची जाडी चुकीची घेतली. पंखा घरघरला, रस्त्यावर गाड्या चालू असल्या, तरी मला काही वाटत नाही. शब्दांचं तसं होत नाही. माणसाचं बोलणं कानावर पडलं की डोकं ते नको असताना समजून घ्यायला लागतं, आणि आकडे लक्षात धरून ठेवणारी जागा तेवढ्यापुरती अडून बसते. फोनवरचं बोलणं तर त्याहून त्रासाचं, कारण एकाच बाजूचं ऐकू येतं आणि दुसरी बाजू काय म्हणाली असेल ते मन आपसूक भरत बसतं.

तुला मोठ्यानं म्हटल्याशिवाय पाठ होत नाही, चालत चालत म्हटलं की जास्त चांगलं होतं, हे मला माहीत आहे. शिवाय १८ ला तुझी तोंडी परीक्षा आहे, तिथे तोंडानंच उत्तर द्यायचंय. त्यामुळे ‘गप्प बसून वाच’ असं मी म्हणणार नाही. मला फक्त वेळा आणि जागा वाटून घ्यायच्या आहेत.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. गेल्या सत्रात माझा एक विषय राहिला. घरी माहीत आहे, इथे कुणालाच नाही. त्या पेपरच्या आदल्या रात्री मी जेमतेम तीन तास झोपले होते. येत असलेलं सूत्र समोरच्या कागदावर उतरेना. दिवसभर शिकलेलं झोपेतच पक्कं होतं, हे तू मला तुझ्याच पुस्तकातून वाचून दाखवलं होतंस, आणि मी ते माझ्यावरच अनुभवलं. तो विषय यावेळी पुन्हा देतेय, १७ तारखेला. मला आणखी एकदा तसं बसायचं नाहीये. माझ्या सगळ्या मागण्यांच्या मुळाशी हेच आहे.

आपली दोघींची वेळापत्रकं मी शेजारी ठेवून बघितली. माझे पेपर ९, ११, १३, १७, १९ आणि २१ ला, सगळे सकाळी १० वाजता. तुझे ९, १०, १२ आणि १४ ला दुपारी २ ला, आणि मग १८ ची तोंडी. म्हणजे मला रात्री साडेदहाला झोपून साडेपाचला उठायचंय, आणि तू दोनपर्यंत जागून नऊपर्यंत झोपणार. साडेदहा ते साडेपाच मला शांतता लागते, तर दोन ते नऊ तुला. दोन्ही जोडलं तर रात्री साडेदहा ते सकाळी नऊ हा सगळा वेळ या घरात कुणाची तरी झोप चालू असते. तेव्हा या वेळेत हॉलमध्ये आवाज नाही, असं दोघींनी ठरवावं. माझ्या सोयीसाठी तू सोसायचं, असा याचा अर्थ होऊ देऊ नकोस. पहाटेचा भाग पूर्ण तुझा आहे.

आणि त्या भागात माझ्याकडून चुका होतायत. माझा अलार्म तीनदा वाजतो हे तू एकदा हसत म्हणाली होतीस, मी तेव्हा सोडून दिलं. सोमवारपासून एकच अलार्म, तोही फोन थरथरेल असा ठेवून उशीखाली. बादली रात्रीच भरून ठेवीन, कारण नळ सोडला की पाइपाचा आवाज तुझ्या उशाशी येतो. सकाळी लेक्चरचे व्हिडिओ मी स्पीकरवर लावायचे, ते बंद, हेडफोन लावीन. बाथरूम सहा वीसपर्यंत आटपलेलं असेल, तू उठशील तेव्हा रिकामं मिळेल.

तुझ्याकडून मला हवं ते असं. साडेदहानंतर मोठ्यानं म्हणायचं असेल तर हॉलऐवजी तुझ्या खोलीत, दार लावून. माझी आणि हॉलची भिंत एकच आहे, तुझी खोली पलीकडे आहे, तिथला हलका आवाज माझ्यापर्यंत येत नाही. चालायचंच असेल तर खोलीत खिडकी ते कपाट एवढी जागा मिळते, कमी आहे हे कबूल. शक्य असेल तेव्हा त्या तासांत आकृत्या काढणं, न बघता लिहून बघणं असं काम ठेवलंस तर उत्तम. तुझ्या चार पेपरांत शेवटी लिहायचंच आहे.

मोठ्यानं म्हणण्यासाठी वेळ कमी पडू नये म्हणून मी हिशोब केलाय. माझ्या पेपरच्या सहाही दिवशी मी सकाळी नऊला निघते आणि दीडच्या आधी येत नाही. तेवढा वेळ घर तुझं, कितीही मोठ्यानं म्हण. बाकीच्या दिवशी संध्याकाळी पाच ते आठ मी कॉलेजच्या अभ्यासिकेत जाईन. ती आठला बंद होते, म्हणून त्यापुढे येणं भाग आहे. आठ ते साडेदहा दोघींनी हळू आवाजात.

आईचा फोन मात्र या कशातच धरू नकोस. त्यांची ड्यूटी अकराला सुटते आणि त्यानंतरच त्या करतात, हे मला माहीत आहे. तो घेच. फक्त गॅलरीत जाऊन, मधलं दार ओढून घे. एखाद्या दिवशी रडू आलं, बरं नसलं, काही झालं, तर वेळ न बघता माझं दार वाजव. नियम त्यासाठी नाहीत.

इयरप्लग मी आणून बघितले. मऊ फोमचे आहेत, बोलण्याचा आवाज बराच कमी होतो, दिवसा मी ते घालूनच बसेन. रात्री ते पुरत नाहीत. दार आपटणं, खुर्ची सरकवणं, स्पीकरचा खालचा घुमणारा आवाज हे भिंतीतून आणि फरशीतून येतं, कान बंद करून थांबत नाही. म्हणून उद्या मी चारही खुर्च्यांच्या पायांना फेल्टचे तुकडे चिकटवतेय. हॉलचं दार कडीला हात धरूनच लावायचं, मीसुद्धा. वॉशिंग मशीन आणि मिक्सर फक्त संध्याकाळी पाच ते आठमध्ये. मशीन शेवटी कपडे पिळायला लागलं की माझं टेबल हलतं.

हॉलचा मोठा दिवा रात्री माझ्या दाराखालून आत येतो. साडेदहानंतर टेबललॅम्प पुरेल का? माझा तुझ्याकडे ठेव, मला त्या वेळी लागत नाही.

घरकामाचं एकच सूत्र सुचतंय : जिचा दुसऱ्या दिवशी पेपर, तिला काम नाही. भांडी, कचरा, ओटा, सगळं दुसरीनं करायचं. कॅलेंडरवर मांडून बघितलं तर ९ ते १३ पाळी आपोआप एकाआड एक येते : ९ मी, १० तू, ११ मी, १२ तू, १३ मी. पुढे १६ तुझा, १७ माझा, १८ आणि २० तुझे. तुझा एक दिवस जास्त होतो म्हणून १४ आणि १९ मी घेते. १५ ला रविवार आहे, दोघी मिळून करू. फक्त ८ ला दोघींचाही दुसऱ्या दिवशी पेपर आहे, तेव्हा मोठी साफसफाई शनिवारीच उरकून टाकू. आणि स्वतःचं ताट स्वतः लगेच धुवायचं, त्याला पाळी नको.

पाहुणे २१ पर्यंत नकोत, माझ्याकडचेही नाहीत. माझी मावसबहीण येणार होती, तिला २१ नंतरच्या आठवड्यात ये म्हणून सांगितलंय.

आता अवघड भाग. १८ ला दुपारी तू मोकळी होशील आणि माझे तेव्हा दोन पेपर बाकी असतील. त्या संध्याकाळी तुला सगळ्यांना घरी बोलवावंसं वाटेल, आणि का वाटू नये, वर्षभर राबली आहेस. तरीही मागतेय : त्या तीन रात्री बाहेर भेटा. कितीही उशिरा ये, किल्ली ने, दार हळू उघड, एवढंच. २१ ला माझा पेपर १ वाजता संपतो. त्या दिवशी संध्याकाळी घर तुझ्या मैत्रिणींसाठी मोकळं, आवाजाची कुठलीही अट नाही, आणि दुसऱ्या दिवशीची आवराआवर मी एकटी करेन. तुला हे खरंच जाचक वाटलं तर तसं सांग, मी १८ ची रात्र माझ्या वर्गातल्या मुलीकडे काढायची सोय बघेन. १९ चा पेपर मला बऱ्यापैकी येतो.

चूक होणारच, दोघींकडून. तेव्हा भिंतीवर थापा मारायच्या नाहीत आणि दारही आपटायचं नाही. फोनवर ‘आवाज’ एवढाच शब्द पाठवायचा. समोरचीनं कारण न देता आवाज बंद करायचा, आणि पाठवणारीनं पुढे काही लिहायचं नाही. चर्चा करायचीच असेल तर दुसऱ्या दिवशी जेवताना.

कागदाच्या कडेला पेन्सिल ठेवली आहे. जे जमणार नाही त्यावर फुली मार, जे माझ्याकडून हवंय पण मी लिहिलं नाही ते खाली लिही. मला न सुचलेलं बरंच असेल. उरेल ते आपण कपाटाच्या दारावर चिकटवू. रविवारी सात वाजता मी हॉलमध्ये असेन, पुस्तक न घेता.

ईशा

ता. क. १४ ला पेपर संपला की माझ्या टेबलाच्या खालच्या खणात बघ. मनगटाची आठही हाडं मी तुझ्यासाठी मोठ्या कार्डांवर काढली आहेत, नावं मागच्या बाजूला. तोंडीच्या तयारीला कुणी प्रश्न विचारणारं हवं असेल तर १५ ला संध्याकाळी मी तासभर बसेन.