आई सत्तरीची झाली!

सत्तर पूर्ण. हिशेब मात्र अजून तोंडीच.

फोटोत आई हसते आहे असं वाटत असेल, पण ती मला "दिवे विझतील ना रे, काढ लवकर" म्हणून दटावते आहे. सत्तर पणत्या ताईने लावल्या, वरून पंखा चालू. एकोणसत्तर टिकल्या. एक विझली ती आईनेच उदबत्तीने परत पेटवली.

भैमरथी शांत करू म्हटलं तर "त्या पैशात कूलर घ्या" म्हणाली. म्हणून सकाळी टेकडी गणपतीला जाऊन आलो आणि घरी गोळाभात. गोळे कोणालाही वळू दिले नाहीत. फोडणीचं तेल भातावर ओतताना अजूनही सगळ्यांना "मागे सरका" म्हणते, जणू आम्ही पाच वर्षांचे आहोत. मी बावन्नचा आहे!

नेसलेलं हिरवं लुगडं बाबांनी सीताबर्डीहून आणलेलं, माझ्या मुंजीचं. चौदा वर्षांत पहिल्यांदा कपाटातून काढलं. कोणीच काही बोललं नाही, पदर तिने दोनदा सारखा केला.

मोठे मामा, तुमचा फोन आला तेव्हा ती वाढत होती, रात्री नऊनंतर परत करा, पण मालिका संपल्यावर. पुण्याच्या मंडळींसाठी सांबारवडी आणि संत्रा बर्फी बांधून ठेवली आहे. शनिवारी मावशी निघते आहे तिच्यासोबत पाठवतो. आणि नुसता केकचा स्टिकर टाकू नका, आईला व्हॉइस मेसेज ऐकता येतात.