विषय : खानदेशातल्या कानबाई देवीच्या अहिराणी गाण्यांवरील प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणाला झालेला उशीर आणि उरलेल्या प्रकरणांचे नवे वेळापत्रक

अमळनेर
11 जानेवारी 2026

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

चौथं प्रकरण 31 ऑक्टोबरला आणि पाचवं 31 डिसेंबरला द्यायचं कबूल केलं होतं. आज जानेवारीची अकरा तारीख आहे आणि माझ्याकडे चौथ्याची सव्वीस पानं आहेत, तीही तुम्हाला दाखवण्याजोगी नाहीत. नोव्हेंबरात तुमचे दोन मेल आले, मी एकालाही उत्तर दिलं नाही. दिवाळीच्या शुभेच्छांचा मेसेजसुद्धा तुमचाच आधी आला. पान पाठवल्याशिवाय तोंड कसं दाखवायचं, या विचारात आठवडा गेला की पुढच्या आठवड्यात लिहिणं आणखी अवघड होत गेलं. उशिरापेक्षा या गप्प बसण्याची मला जास्त लाज वाटते. त्याबद्दल मनापासून माफी मागते.

कारणं सांगते. घरचं कारण आधी, कारण ते लहान आहे. सप्टेंबरात सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. एकोणीस दिवस धुळ्याला दवाखान्यात होतो, नंतर घरी व्यायाम आणि औषधपाणी. आता ते काठी घेऊन ओट्यापर्यंत येतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारतात. यात माझा दीड महिना गेला. पण चौथं प्रकरण आता मार्चअखेर होईल, म्हणजे उशीर पाच महिन्यांचा आहे, त्यामुळे सगळं त्यांच्या आजारपणावर ढकलणं बरोबर नाही.

खरं कारण माझा हिशेब चुकला, हे आहे. आराखड्यात मी लिहिलं होतं, 'ध्वनिमुद्रणांचे लिप्यंतर : दोन महिने.' ते कारकुनी काम आहे, कानाला हेडफोन लावायचा आणि उतरवत जायचं, असं मी धरून चालले. तीन श्रावणांत नऊ गावांमधून एकवीस तासांचं मुद्रण जमलं. आतापर्यंत त्यातले नऊ तास उतरवून झाले. वहीत वेळ लिहून ठेवला होता, त्यावरून एका तासाच्या गाण्याला सरासरी अकरा तास लागतात. कानबाईच्या जागरणात बाया एकेकट्या म्हणत नाहीत. एक ओळ उचलते, बाकीच्या झेलतात, मध्येच कुणी चहाचं विचारते, बाहेर डफ वाजतो, लहान मूल रडतं. एकच ओळ सहा-सहा वेळा मागे नेऊन ऐकावी लागते.

त्यातही भाषेची गंमत अशी की अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. हे मला लहानपणापासून येतं, घरात आजी असंच बोलायची. पण मांडळच्या एका गाण्यात 'कानबाईनी माय' असे शब्द आले आणि मी अडकले. ही माय म्हणजे आई की माळ? संदर्भाने दोन्ही बसत होतं. मी मराठी अर्थ लिहिताना 'माळ' लिहिलं, दोन दिवसांनी खोडून 'आई' लिहिलं. शेवटी नोव्हेंबरात एका रविवारी पुन्हा मांडळला गेले. त्या गाणाऱ्या आजी सत्तरीच्या आहेत. मी विचारलं तेव्हा त्या तूर निवडत बसल्या होत्या, वरही पाहिलं नाही. म्हणाल्या, "दोन्ही शेतस व माय." त्यातली तिसरी माय मी.

परत येताना एसटीत लक्षात आलं की मी ज्याला कारकुनी काम समजत होते, तेच प्रकरण पाच आहे. लिप्यंतर करताना कुठे थांबले, कुठे खोडलं, कुठे गाणारीलाच विचारावं लागलं, याच्या नोंदी मी समासात पेन्सिलीने करत आले आहे. अशा त्रेसष्ट नोंदी झाल्या आहेत. त्या भाषेच्या प्रकरणाचा कणा होऊ शकतात असं मला वाटतं. तुमचं मत वेगळं असेल तर आत्ताच सांगा, पुढे खोडण्यापेक्षा ते बरं.

आणखी एक कबुली. जूनच्या भेटीत तुम्ही बजावलं होतं, "अहिराणी बोली की भाषा, या वादात शिरू नकोस, बाहेर येता येणार नाही." मी शिरले. ग्रिअर्सनने भाषिक पाहणीच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात खानदेशी भिल्ल भाषांसोबत ठेवली, मराठीच्या सातव्या खंडात नाही, एवढा एक धागा धरून मी जुलैचे चारही आठवडे वाचत राहिले आणि एकतीस पानं लिहिली. वाचायला मजा आली, पण त्यातून कानबाईच्या एकाही गाण्याचा अर्थ उलगडत नाही. ती पानं बाजूला ठेवली आहेत. प्रकरण पाचच्या सुरुवातीला त्यातली पाच-सहा पानं येतील, बाकीची पुढे कधीतरी लेखाला.

आता पुढचं. आधी दोन गोष्टी कमी करायची परवानगी हवी.

एक, उरलेले बारा तास मी पूर्ण उतरवणार नाही. त्यात बरीच गाणी पुन्हा पुन्हा येतात. त्यांची यादी आणि पाठभेद नोंदवून, फक्त सात तासांचं पूर्ण लिप्यंतर करेन. दुसरी, सहाव्या प्रकरणात नंदुरबारकडच्या डोंगऱ्या देवाच्या गाण्यांशी जी तुलना ठरली होती ती काढावी. त्या गाण्यांची भाषा मला येत नाही. दुसऱ्याच्या अनुवादावर विसंबून तुलना केली तर ती माझीच मला पटणार नाही. त्याऐवजी कानबाई बसवण्यात जो बदल होत चाललाय त्यावरच ते प्रकरण उभं करते : भाऊबंद एका घरी जमायचे ते आता वेगवेगळे बसवतात, रोटाचा गहू जात्याऐवजी गिरणीत जातो, जागरणात मोबाइलवरची गाणी लागतात आणि म्हाताऱ्या गप्प होतात. याची सामग्री माझ्याकडे भरपूर आहे.

हिशेब असा. सात तास म्हणजे सत्त्याहत्तर तासांचं काम. कॉलेज, घर आणि सासऱ्यांचं पाहून आठवड्याला मला खात्रीने सहा तास मिळतात : मंगळवार आणि शुक्रवारी पहाटे दोन-दोन, रविवारी दोन. म्हणजे तेरा आठवडे. फेब्रुवारी-मार्चात बारावीच्या परीक्षा, पर्यवेक्षण आणि मराठीचे गठ्ठे तपासायला येतात, म्हणून एक आठवडा जास्त धरून लिप्यंतर 18 एप्रिलला संपेल. दुसऱ्या दिवशी आखाजी आहे. माहेरी जाईन तेव्हा पाच दिवस काही लिहिणार नाही. 'माहेरी बसून लिहीन' असं मागच्या वर्षी म्हटलं होतं, झोक्यावरून उतरलेसुद्धा नाही.

चौथं प्रकरण आशयाचं आहे. उतरवलेल्या नऊ तासांवर ते उभं राहू शकतं. गुरुवारी आणि शनिवारी रात्री त्यावर काम चाललंच आहे. सासर-माहेर, मूलबाळ आणि कन्हेर-कानबाईचं लग्न हे तीन विभाग मी आधी देईन. पहिला कच्चा विभाग 8 फेब्रुवारीला, पूर्ण प्रकरण 29 मार्चला. नव्या लिप्यंतरात काही वेगळं आलं तर नंतर भर घालू, त्यासाठी ते अडवून ठेवणार नाही.

पाचवं सगळ्यात अवघड, म्हणून ते उन्हाळी सुटीत ठेवलंय. 25 एप्रिलला बसले की 20 जूनला पूर्ण. सहावं 10 ऑगस्टला. सातवं, म्हणजे निष्कर्ष, 30 सप्टेंबरला. संहितेचं परिशिष्ट पाचव्यासोबतच तयार होत जाईल. मग ऑक्टोबर ते डिसेंबर तुमच्या दुरुस्त्या, मुद्रितशोधन, साहित्यचौर्य तपासणी आणि पूर्वसादरीकरण. दिवाळी मधे आहे, ती धरली आहे. प्रबंध 31 जानेवारी 2027 पर्यंत सादर.

यंदाची कानबाई 23 ऑगस्टला येते. बेटावदचं मुद्रण गेल्या वर्षी रात्री एकच्या सुमारास तुटलं. फोन भरला होता, मी आधी जागा रिकामी करायला विसरले आणि नंतरचा सगळा भाग हातातून गेला. तिथे पुन्हा जायची फार इच्छा आहे. पण प्रबंध त्या रात्रीवर अवलंबून ठेवलेला नाही. काही मिळालं तर सहाव्या प्रकरणात दोन परिच्छेद वाढतील, नाही मिळालं तरी चालेल. गाणी श्रावणाबाहेर म्हणायला बाया तयार होत नाहीत, त्यामुळे ही एकच रात्र असते आणि तिच्या भरवशावर तारखा मांडण्याची चूक मी एकदा केली आहे.

नोंदणी जानेवारी 2023 ची आहे, म्हणजे नियमाप्रमाणे मुदत अजून शिल्लक आहे. मला घाई आहे ती वेगळ्या तारखेची. तुम्ही 31 मे 2027 ला निवृत्त होताय. त्यानंतर सहमार्गदर्शक म्हणून राहता येतं हे माहीत आहे, पण त्या कागदपत्रांच्या फेऱ्यांमध्ये तुम्हाला माझ्यापायी अडकवायचं नाही. चार महिने हातात ठेवलेत ते त्यासाठीच.

तुमच्याकडून एवढंच मागते. वरच्या दोन्ही बदलांना होकार किंवा नकार याच महिन्यात कळवावा, म्हणजे फेब्रुवारीच्या सहामाही अहवालात नवं वेळापत्रक लिहून सल्लागार समितीपुढे ठेवता येईल. आणि प्रत्येक प्रकरण दिल्यापासून तीन आठवड्यांत ढोबळ अभिप्राय मिळाला तर पुढचं थांबणार नाही. बारीक दुरुस्त्या ऑक्टोबरात एकत्र केल्या तरी चालतील.

माझ्याकडून, प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी एक मेल येईल. काम झालं असो वा नसो, येईल. पान नसेल तर 'या महिन्यात शून्य' एवढंच लिहीन. पहिला 1 फेब्रुवारीला.

सव्वीस कच्ची पानं आणि त्या त्रेसष्ट नोंदींचा फोटो सोबत जोडत आहे. अक्षर वाईट आहे, पहाटेचं आहे. येत्या 24 तारखेला, शनिवारी, जळगावला येते आहे. अकराच्या सुमारास विभागात असाल तर अर्धा तास भेटता येईल का? सासूबाईंनी तुमच्यासाठी कळण्याचं पीठ द्यायचं ठरवलंय, भेट झाली नाही तरी ते विभागात ठेवून जाईन.

आपली विद्यार्थिनी,
वैशाली