ऐका आणि आराखड्यात जागा शोधा: श्रवणकार्य, दोन भाग

विद्यार्थ्यांसाठी सूचना

प्रत्येक संवाद दोनदा ऐकवला जाईल. ऐकण्याआधी आराखडा पाहायला एक मिनिट मिळेल. त्या मिनिटात अक्षरे पाठ करू नका. मुख्य दार कुठे आहे, जिना कुठल्या बाजूला आहे आणि बोळ कुठे संपतो, एवढेच बघून ठेवा. पेन्सिल मुख्य दारावर टेकवा आणि बोलणारी व्यक्ती जशी नेईल तशी सरकवत जा. कागद फिरवला तरी चालेल, त्याचे गुण जात नाहीत.

भाग १: ग्रंथालयाचा तळमजला

नव्या सदस्य बाई ग्रंथालयात आल्या आहेत. दारातला कर्मचारी त्यांना कुठे काय आहे ते सांगतो आहे. आराखड्यात मुख्य दार खालच्या बाजूला आहे.

| क | ख | मागचे दार | ग | घ |
|---|---|---|---|---|
| आडवा बोळ | आडवा बोळ | आडवा बोळ | आडवा बोळ | आडवा बोळ |
| च | छ | मधला बोळ | जिना | ज |
| झ | दालन | दालन | दालन | ट |
| भिंत | भिंत | मुख्य दार | भिंत | भिंत |

क, ख, ग, घ, च आणि ज या खोल्यांची दारे आडव्या बोळात उघडतात. छ चे दार मधल्या बोळात आहे. झ आणि ट या दालनातल्याच मोकळ्या जागा आहेत, त्यांना दार नाही.

पुढील प्रत्येक जागेसमोर योग्य अक्षर लिहा. दोन अक्षरे उरतील. पहिले उत्तर नमुन्यादाखल दिले आहे.

नमुना: सामान ठेवण्याची जागा (झ)
१. देवघेव विभाग
२. वृत्तपत्र वाचनकक्ष
३. बालविभाग
४. अभ्यासिका
५. संदर्भ विभाग
६. ग्रंथपालांची खोली

संवाद १ (शिक्षकांनी वाचून दाखवावा किंवा ध्वनिमुद्रित करावा)

कर्मचारी: या, या. नवीन सदस्यत्व ना? आधी पिशवी ठेवा. दारातून आत आलात की डाव्या हाताचा कोपरा आहे ना, तिथे कप्पे आहेत.

सदस्या: हो, ठेवते. आणि पुस्तक परत करायचं असेल तर? ते पण इथेच?

कर्मचारी: पूर्वी तिथेच होतं. कप्प्यांच्या जागी देवघेव होती. आता ती हलवली, दालनातच, पण समोरच्या कोपऱ्यात. म्हणजे तुम्ही आत येताना तुमच्या उजव्या हाताला.

सदस्या: बरं. मला मुख्य म्हणजे रोजची वर्तमानपत्रं वाचायची असतात.

कर्मचारी: मग दालन ओलांडून सरळ मधल्या बोळात शिरा. उजवीकडे जिना दिसेल. चढायचं नाही हं! जिन्याच्या बरोब्बर समोरच वृत्तपत्र वाचनकक्षाचं दार आहे.

सदस्या: आणि लहान मुलांची पुस्तकं? ती वर का?

कर्मचारी: नाही, तीही खालीच. जिन्याच्या पलीकडे आहेत. पण जिन्याच्या बाजूने आत जायला वाट नाही. बोळाच्या टोकाला जा, उजवीकडे वळा. जिन्याची भिंत तुमच्या उजव्या हाताला राहील. ती भिंत संपली की त्याच हाताला पहिलं दार, तो बालविभाग.

सदस्या: म्हणजे जिन्याला वळसाच घालायचा.

कर्मचारी: अगदी. आणि बालविभागाच्या दाराशी उभं राहिलं की समोर, बोळापलीकडे, अभ्यासिका. मुलांचा आवाज होतो म्हणून अभ्यासिकेतले लोक रोज कुरकुरतात, पण जागाच तेवढी आहे.

सदस्या: मला जुने कोश बघायचे आहेत.

कर्मचारी: मग संदर्भ विभाग. अभ्यासिकेतून बाहेर पडा आणि उजवीकडे वळून चालत राहा. मागचं दार लागेल, ते ओलांडा. त्याच्यापुढे उजव्या हाताला आणखी एक खोली लागेल, तीही नाही. अगदी शेवटची, कोपऱ्यातली.

सदस्या: लांब आहे की! आणि ग्रंथपालांना भेटायचं असेल तर?

कर्मचारी: संदर्भ विभागातून बाहेर या आणि डावीकडे वळून उलटे चालू लागा. मागच्या दाराच्या अलीकडे, डाव्या हाताला. दारावर पाटी आहे. पण बारानंतर या, सकाळी त्या कुणालाच भेटत नाहीत.

उत्तरे: १. ट, २. छ, ३. ज, ४. घ, ५. क, ६. ख. उरलेली अक्षरे: ग आणि च.

शिक्षकांसाठी

सहावा प्रश्न मुद्दाम तसा ठेवला आहे. बरेच विद्यार्थी तिथे ग लिहितात, आणि त्यांनी ऐकताना दुर्लक्ष केलेले नसते. त्यांनी 'मागच्या दाराच्या अलीकडे' हे शब्द नीट ऐकलेले असतात, फक्त ते अजून अभ्यासिकेपाशीच उभे असतात. अभ्यासिकेकडून निघालो तर मागच्या दाराच्या अलीकडे ग आहे आणि पलीकडे ख. संदर्भ विभागाकडून निघालो की हेच उलटते. मराठीतले 'अलीकडे' बोलणाऱ्याच्या वाटेला बांधलेले आहे, वस्तूला नाही. ते सांगून पटत नाही. वर्गात दोन खुर्च्या मांडाव्यात, मध्ये एक टेबल ठेवावे आणि एकाला एका बाजूने, दुसऱ्याला दुसऱ्या बाजूने चालायला लावावे. दोघांनाही 'टेबलाच्या अलीकडची खुर्ची' दाखवायला सांगितले की दोघे वेगवेगळ्या खुर्च्यांकडे बोट करतात, आणि वर्ग हसतो. तिथून पुढे कोणी चुकत नाही.

उजवी-डावीचेही थोडेफार असेच. आराखड्यात वरून खाली येताना आपला उजवा हात कागदाच्या डाव्या बाजूला असतो. पाचव्या उत्तरात अभ्यासिकेतून बाहेर पडून 'उजवीकडे' वळणे म्हणजे कागदावर डावीकडे जाणे आहे. ज्यांनी कागद फिरवला, त्यांना हे आपोआप जमते. ज्यांनी कागद सरळ धरला ते कागदाच्या उजव्या कडेबाहेर जातात आणि गोंधळून पुन्हा जिन्यापाशी येतात.

दुसऱ्या प्रश्नातल्या 'समोर'कडेही लक्ष वेधावे. 'माझ्यासमोर' आणि 'जिन्यासमोर' यांत फरक आहे. बोळात सरळ चालणाऱ्याच्या समोर मागचे दार आहे, पण जिन्याच्या समोर छ. 'पूर्वी तिथे होतं' असे वाक्य ऐकले की विद्यार्थी लगेच झ लिहून मोकळे होतात. त्यांना सांगावे, की वाक्य संपेपर्यंत पेन्सिल उचलू नका.

भाग २: मावशीच्या घरी

भाची बसने येते आहे. मावशी फोनवरून वाट सांगते आहे. नकाशात बसथांबा खाली आहे आणि रस्ता सरळ वर जाऊन तिठ्याला संपतो.

| १ | तिठा | २ |
|---|---|---|
| ३ | रस्ता | ४ |
| ओढा | पूल | ओढा |
| ५ | रस्ता | ६ |
| गल्ली | चौक | गल्ली |
| बाग | बसथांबा | मैदान |

शाळा, टपाल कार्यालय, दवाखाना आणि मावशीचे घर यांचे क्रमांक लिहा. दोन क्रमांक उरतील.

संवाद २

मावशी: उतरलीस की आधी बघ, बाग तुझ्या डाव्या हाताला यायला हवी. मैदान डाव्या हाताला आलं तर तू उलटी निघालीस असं समज.

भाची: बरं, बाग डावीकडे. मग?

मावशी: मग सरळ ये. चौक लागेल, तिथे कुठेच वळू नकोस. चौक ओलांडलास की पुढे ओढ्यावरचा पूल दिसेल. पुलाच्या अलीकडेच, मैदान होतं ना त्या अंगाला, टपाल कार्यालय आहे. लाल पेटी आहे बाहेर.

भाची: आणि समोर?

मावशी: समोर शाळा. सुटायची वेळ असेल तर कडेने चाल, सायकली अंगावर येतात. पूल ओलांड. पुलावरून उतरलीस की डाव्या हाताला लगेच दवाखाना.

भाची: तुझं घर दवाखान्यासमोर होतं ना गं?

मावशी: ते जुनं, भाड्याचं. आता आम्ही पुढे गेलो. दवाखान्यावरून तशीच वर ये, रस्ता संपतो तिथे तिठा आहे. तिथून डावीकडे... थांब, मी घरातून बघून सांगतेय, म्हणून चुकतेय. तू खालून येणार ना? मग उजवीकडे वळ. टपाल कार्यालय ज्या अंगाला होतं त्याच अंगाला. वळलीस की टोकाचं घर आमचं.

भाची: उजवीकडे, टोकाला. आले मी!

उत्तरे: शाळा ५, टपाल कार्यालय ६, दवाखाना ३, मावशीचे घर २. उरलेले क्रमांक: १ आणि ४.

घरासाठी क्रमांक ४ लिहिणाऱ्यांनी जुने घर लिहिले. क्रमांक १ लिहिणाऱ्यांनी मावशीचा पहिला शब्द घेतला आणि दुसरा सोडला. वाट सांगणारे खरोखर असेच बोलतात, स्वतःच्या जागेवरून बघतात आणि मग सावरून घेतात. म्हणून असे अडखळणे संवादातून काढून टाकू नये.

रूपे करा

कंसातल्या शब्दाचे योग्य रूप करून वाक्य पुन्हा लिहा.

अ) (पूल) अलीकडे थांब.
आ) (जिना) समोर वाचनकक्ष आहे.
इ) (तिठा) उजवीकडे वळा.
ई) शाळा (ओढा) काठी आहे.
उ) (दालन) उजव्या कोपऱ्यात देवघेव विभाग आहे.

उत्तरे: अ) पुलाच्या अलीकडे थांब. आ) जिन्यासमोर किंवा जिन्याच्या समोर वाचनकक्ष आहे. इ) तिठ्यावर किंवा तिठ्यावरून उजवीकडे वळा. ई) शाळा ओढ्याकाठी किंवा ओढ्याच्या काठी आहे. उ) दालनाच्या उजव्या कोपऱ्यात देवघेव विभाग आहे.

'पूल'मधला दीर्घ ऊ शब्दयोगी अव्यय लागताना ऱ्हस्व होतो, तो लिहिताना हमखास चुकतो. 'तिठ्याउजवीकडे' असे कोणी लिहिले तर ते चूक आहे, पण अर्थ कळलेला आहे. अर्धा गुण द्यावा.