तीन टीममधील खुल्या तिकिटांच्या हस्तांतराचे वेळापत्रक
(सोमवार, 7 सप्टेंबर 2026 पासून लागू, बेळगाव कार्यालय, टिळकवाडी)

| टीम | यूटीसी | बेळगावची वेळ | तेथील घड्याळ (उन्हाळा / हिवाळा) |
|---|---|---|---|
| बेळगाव | 01:30–10:00 | 07:00–15:30 | बदल नाही |
| डब्लिन | 09:30–18:00 | 15:00–23:30 | 10:30–19:00 / 09:30–18:00 |
| सिएटल | 17:30–02:00 | 23:00–07:30 | 10:30–19:00 / 09:30–18:00 |

प्रत्येक दोन शिफ्टमधील सामाईक अर्धा तास हस्तांतरासाठीच राखून ठेवलेला आहे. त्या वेळेत जाणाऱ्या टीमने नवे तिकीट हाती घेऊ नये. युरोपातील घड्याळे 25 ऑक्टोबरला आणि अमेरिकेतील 1 नोव्हेंबरला एक तास मागे जातील, म्हणजे मधल्या आठवड्यात डब्लिन व सिएटल यांच्यातील फरक एरवीच्या आठ तासांऐवजी सात तासांचा असेल. म्हणूनच वेळा यूटीसीवर बांधल्या आहेत.

सर्वांत अधिक काळजी हस्तांतराच्या नोंदीची घ्यावी. जूनमध्ये एका तिकिटावर आपण ‘तपास चालू आहे’ एवढेच लिहून शिफ्ट सोडली. डब्लिनच्या सहकाऱ्यांनी सद्भावनेने सर्व्हिस पुन्हा सुरू केली आणि ज्या मेमरी-नोंदी घेण्यासाठी आपण दुपारभर थांबलो होतो, त्या पुसल्या गेल्या. यापुढे प्रत्येक नोंदीत ग्राहकाला नेमका काय त्रास होत आहे, आतापर्यंत काय करून पाहिले व त्यातून काय दिसले, पुढची पायरी कोणती, कशाला हात लावू नये आणि ग्राहकाला पुढील उत्तर किती वाजता कबूल केले आहे, हे स्पष्ट असावे. नोंद इंग्रजीत व वेळ यूटीसीत लिहावी. आपसांत आपण मराठीत किंवा कन्नडमध्ये जे ठरवतो, ते तिकिटावर उतरले नाही तर पुढच्या टीमसाठी ते ठरलेलेच नसते.

पहिल्या प्राधान्याच्या तिकिटाचे हस्तांतर प्रत्यक्ष कॉलवरच होईल. घेणाऱ्याने आपल्या शब्दांत परिस्थिती परत सांगून तिकीट स्वतःच्या नावावर घेईपर्यंत जबाबदारी देणाऱ्याचीच राहील, मग शिफ्ट संपलेली असली तरीही.

आठवड्याचे काम सिएटलच्या शुक्रवारी, म्हणजे आपल्या शनिवारी सकाळी 07:30 वाजता थांबते. तेथून सोमवारी 07:00 पर्यंत बेळगावचा ऑन-कॉल इंजिनिअर पहिल्या प्राधान्याची तिकिटे पाहील. सोमवारी सकाळी सिएटलमध्ये रविवारची संध्याकाळ असते व कॉलवर कोणीही नसते, त्यामुळे त्यांची शुक्रवारची नोंद आणि ऑन-कॉलची नोंद वाचूनच काम सुरू करावे.

सोमवार, 14 सप्टेंबरला गणेश चतुर्थी आहे. डब्लिनला त्या वेळी मध्यरात्र उलटलेली असल्याने आपली शिफ्ट त्यांच्याकडे देता येणार नाही. ज्यांच्या घरी गणपती बसत नाही अशा दोघांनी स्वेच्छेने नावे दिली आहेत. त्यांना बदली सुट्टी मिळेल. खानापूर भागातून घरून काम करणाऱ्यांनी पावसात वीज किंवा नेट गेल्यास 06:30 पर्यंत शिफ्टप्रमुखांना फोन करावा, म्हणजे सात वाजता सिएटलसमोर बेळगावची जागा रिकामी राहणार नाही.

— सहाय्य विभागप्रमुख, बेळगाव